'आमच्याविषयी' या पानातलं तपासता येण्याजोगं किती? केळीच्या टिश्यू रोपांच्या एका कंपनीच्या पानावरून

प्रश्न : रावेर तालुक्यात चार एकर केळीची कांदेबाग लावायची आहे. पाच बाय सहा फुटांवर 5,800 टिश्यू रोपं लागतील. एक कंपनी बुकिंगला 25 टक्के आगाऊ मागते. तिच्या वेबसाइटवर 'आमच्याविषयी' या पानावर लिहिलंय : "1987 पासून शेतकऱ्यांच्या सेवेत. भारत सरकारमान्य व आयएसओ प्रमाणित अत्याधुनिक प्रयोगशाळा. दोन एकर शेडनेट, दरवर्षी 1 कोटी रोपांचे उत्पादन. इस्रायली तंत्रज्ञानाने तयार केलेली 100 टक्के रोगमुक्त जी-नाईन रोपे. 25,000 हून अधिक समाधानी शेतकरी." यातलं तपासून बघता येईल असं किती आणि नुसती जाहिरात किती?

उत्तर :

हा मजकूर वहीत उतरवून घ्या आणि त्यातली विशेषणं खोडा. 'अत्याधुनिक' आणि 'समाधानी' गेले की आकडे, नावं आणि 'मान्य', 'प्रमाणित' असे शब्द उरतात. उरलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा : हे खोटं असेल तर कंपनीबाहेरच्या कुठल्या कागदात ते उघडं पडेल? असा कागद असेल तर ती तपासता येणारी गोष्ट. नसेल तर ती जाहिरात. जाहिरात खोटीच असते असं नाही, पण तिच्यावर पैसे सोडायचे नाहीत.

तुमच्या पानावर मला सगळ्यात आधी खटकतं ते त्यात नसलेलं. इतक्या ओळींत कंपनीचं कायदेशीर नाव कुठेच नाही. पानाच्या डोक्यावर असतो तो ब्रँड, आणि ब्रँड म्हणजे कंपनी नव्हे. एकाच ब्रँडमागे एखादी प्रायव्हेट लिमिटेड, मालकाच्या नावावरची रोपवाटिका आणि भावाच्या नावावरची भागीदारी असं तिन्ही असू शकतं. बिल यातलं कोण देतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असेल तर 2014 च्या कंपनी स्थापना नियमांतल्या 26 व्या नियमाप्रमाणे तिला वेबसाइटच्या पहिल्या पानावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन हा कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल आणि संपर्कातल्या माणसाचं नाव द्यावंच लागतं. म्हणून पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत बघा. तिथे नसेल तर 'अटी व शर्ती' किंवा 'प्रायव्हसी पॉलिसी' उघडा. ब्रँड मिरवणाऱ्या साइटवरही खरं नाव बहुतेक वेळा तिथे निसटलेलं असतं. तिथेही नाही मिळालं तर कोऱ्या कोटेशनचा फोटो मागवा.

सीआयएन मिळाला की 1987 चा निकाल बसल्या जागी लागतो. तो 21 अक्षरांचा असतो आणि असा दिसतो (शेवटचा क्रमांक इथे मुद्दाम शून्यं ठेवला आहे) :

```
U01119MH2019PTC000000
```

पहिलं अक्षर U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी, L असेल तर नोंद असलेली. पुढचे पाच आकडे व्यवसायाचा प्रकार सांगतात. MH म्हणजे महाराष्ट्र. त्यानंतरचे चार आकडे हे स्थापनेचं वर्ष, म्हणजे इथे 2019. PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांकाचे. पानावर 1987 आणि सीआयएनमध्ये 2019 असेल तर मधल्या बत्तीस वर्षांचा हिशेब कंपनीला विचारायचा.

इथे घाई मात्र नको. खान्देशात अशी पुष्कळ घरं आहेत जिथे वडिलांनी खत-बियाण्याचं दुकान थाटलं आणि मुलांनी पुढे कंपनी काढली. त्यांनी '1987 पासून' लिहिलं तर ते खोटं म्हणता येणार नाही. पण 1987 पासून खत विकण्याचा अनुभव टिश्यू कल्चरला लागू पडत नाही. म्हणून 'कंपनी कधीची?' असं न विचारता 'तुमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतून केळीची पहिली बॅच शेतकऱ्याला कधी गेली?' असं विचारा. खरा धंदा करणारा माणूस वर्ष आणि हंगाम चटकन सांगतो.

सीआयएन किंवा नाव घेऊन www.mca.gov.in वर `View Company Master Data` उघडा. लॉगिन करावं लागतं, पण ही माहिती फुकट आहे. स्थापनेची तारीख, पत्ता, भरणा झालेलं भांडवल, संचालकांची नावं, बँकेचा बोजा आणि कंपनीची स्थिती तिथे दिसते. स्थितीपुढे `Active` दिसलं म्हणून थांबू नका. त्याचा अर्थ फक्त नोंदवहीतून नाव काढलेलं नाही इतकाच. त्याहून बोलकी आहे ती शेवटच्या ताळेबंदाची तारीख. वार्षिक सभा साधारणपणे सप्टेंबरअखेर होते आणि ताळेबंद त्यानंतर 30 दिवसांत दाखल करायचा असतो. म्हणजे डिसेंबरमध्ये बघताना मागच्या मार्चचा ताळेबंद दिसायला हवा. दोन-तीन वर्षं जुना दिसला तर आगाऊ रक्कम थांबवा. भांडवलाच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. भांडवल एक लाख असूनही कर्जावर आणि शेअरच्या अधिमूल्यावर मोठी प्रयोगशाळा उभी राहू शकते. खरं चित्र ताळेबंदात असतं आणि ते कागद तिथेच थोडी फी भरून बघता येतात.

इतक्या छोट्या बुकिंगसाठी ताळेबंदापर्यंत जायची गरज मला वाटत नाही. पाच गावांनी मिळून एकत्र ऑर्डर दिली असेल तर जरूर जा.

जीएसटी क्रमांकाबद्दल रोपांच्या बाबतीत एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी घ्यावीच लागते असं नाही. त्यामुळे निव्वळ रोपं विकणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक नसेल तर तेवढ्यावरून त्याला बोगस ठरवू नका. क्रमांक दिला असेल तर www.gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये टाका. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन आणि पॅनचं चौथं अक्षर मालकी सांगतं : C म्हणजे कंपनी, P म्हणजे एकटा माणूस, F म्हणजे भागीदारी. पानावर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि पॅनमध्ये P असेल तर बिल वेगळ्याच माणसाचं येणार आहे, हे आधीच कळतं. तिथे नोंदणीची तारीख 01/07/2017 दिसली तर धंदा त्या दिवशी सुरू झाला असं समजू नका. त्या दिवशी जीएसटी लागू झाला आणि जुने व्यापारी आपोआप त्यात आले.

आता 'भारत सरकारमान्य'. या पानावरचे सगळ्यात महागाचे शब्द हेच आहेत.

हे दोन शब्द कशाच्याही जोरावर लिहिले जातात. उद्यम नोंदणी असली तरी लिहितात. ती उद्योजकाने स्वतःच ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच्या निवेदनावर केलेली असते. तिचा क्रमांक UDYAM-MH- असा सुरू होतो. तुमचा उद्योग सूक्ष्म की लघु इतकंच ती सांगते, रोपाबद्दल अवाक्षर नाही. कंपनी नोंदणीचा दाखला, स्टार्टअपची मान्यता, अगदी ट्रेडमार्कचा अर्जसुद्धा 'सरकारमान्य' म्हणून चौकटीत लटकतो. म्हणून 'कोणत्या खात्याची, कोणत्या योजनेखाली आणि कोणत्या क्रमांकाची मान्यता?' हे तीन तुकडे मागायचे.

टिश्यू रोपांच्या बाबतीत ज्या मान्यतेला अर्थ आहे ती एकच : केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये सुरू केलेली टिश्यू कल्चर रोपांची राष्ट्रीय प्रमाणन पद्धत. इंग्रजी आद्याक्षरांनी ती एनसीएस-टीसीपी म्हणून ओळखली जाते. मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळांची यादी dbtncstcp.nic.in वर मिळते. यादीत नाव शोधताना तीन गोष्टी जुळवा. नाव तुमच्या बिलावरच्या नावाशी जुळतं का? पत्ता त्याच प्रयोगशाळेचा आहे का? मुदत संपलेली नाही ना? ही मान्यता कायमची नसते, तिचं नूतनीकरण करावं लागतं. चार वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्राचा फोटो पानावर तसाच राहून गेलेला असू शकतो. तारीख कापलेला किंवा वाचता न येणारा फोटो मी पुरावा मानत नाही. पूर्ण कागद मागवा.

खरी गफलत यापुढे होते. या पद्धतीला दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे प्रयोगशाळेची मान्यता : जागा, स्वच्छता, कामाची पद्धत आणि नोंदी बघून ती देतात. दुसरी म्हणजे रोपांच्या बॅचचं प्रमाणपत्र : त्या बॅचचे नमुने मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेत जातात, विषाणू आणि जनुकीय शुद्धता तपासली जाते आणि मगच त्या बॅचला दाखला मिळतो. वेबसाइटवर पहिली पायरी झळकते. तुमच्या शेतात जाते ती बॅच, म्हणजे तुमचा संबंध दुसरीशी. प्रयोगशाळा यादीत असूनही तुम्हाला येणारी बॅच तपासलेली नसू शकते. म्हणून मागणी अशी करा : 'आम्हाला देणार त्या बॅचचा क्रमांक आणि त्या क्रमांकाचा चाचणी अहवाल द्या.' बॅच अजून तयार नसेल तर बुकिंगच्या पावतीवर 'रोपांसोबत बॅचचा अहवाल देऊ' असं लिहून घ्या.

यादीत नाव नसलं म्हणजे फसवणूक असंही नाही. सावदा, फैजपूर, यावलकडे अशा रोपवाटिका असतात ज्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडून लहान रोपं आणतात, शेडनेटमध्ये वाढवतात आणि विकतात. हा सरळ धंदा आहे. फक्त मग पानावर 'आमची प्रयोगशाळा' लिहायला नको. रोपं कुणाच्या प्रयोगशाळेची, हे नाव विचारून घ्या आणि त्या नावाने यादी बघा.

आयएसओवर फार वेळ घालवू नका. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते वेगळ्या प्रमाणन संस्था देतात. त्यामुळे प्रमाणपत्रावर कोणता मानक, कुणी दिलं, कोणत्या कामासाठी आणि कधीपर्यंत एवढं असायला हवं. 'कोणत्या कामासाठी' ही ओळ वाचाच. तिथे 'कृषी निविष्ठांचा व्यापार' असं असेल तर प्रयोगशाळा त्यात आलीच नाही. आणि आयएसओ 9001 हा कामाच्या पद्धतीचा मानक आहे. रोप निरोगी आहे असं त्यात कुणीही म्हटलेलं नसतं.

दोन एकर आणि एक कोटी या आकड्यांसाठी कुठलीच वेबसाइट लागत नाही. ते एकमेकांनाच तपासतात. पाच बाय सहा इंची पिशवी भरली की तिचा व्यास साधारण 8 सेंटीमीटर होतो. अगदी चिकटून ठेवल्या तर चौरस मीटरला दीडशेच्या आसपास बसतात. वाटा, पाइप आणि पानांना लागणारी मोकळीक धरली तर निम्म्याच, म्हणजे 75 धरा. दोन एकर म्हणजे सुमारे 8,000 चौरस मीटर, म्हणून एका वेळी 6 लाख रोपं. पिशवीतलं रोप लावणीजोगं व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. वर्षभर एक दिवसही जागा रिकामी न ठेवता साडेसहा ते साडेआठ फेऱ्या घेतल्या तरी आकडा फार तर 50 लाखांच्या आसपासच पोचतो. आपल्याकडे मागणी वर्षभर सारखी नसते. ती जून-जुलैत मृगबागेला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांदेबागेला एकदम येते. म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

मग एक कोटी खोटं ठरलं का? लगेच नाही. प्रयोगशाळा ट्रेमधली लहान रोपं इतर रोपवाटिकांना विकत असेल, किंवा शेडनेट आणखी कुठे असेल, तर आकडा जमू शकतो. 'कोटीतली पिशवीतली किती, ट्रेमधली किती आणि ती कुठे वाढतात?' असं विचारा. याचं सरळ उत्तर आलं नाही तर मला एकच भीती वाटते : क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेतलं जाईल आणि ऐन ऑक्टोबरात तुम्हाला दुसऱ्याकडून उचललेली रोपं मिळतील, किंवा नोव्हेंबर उलटल्यावर मिळतील. कांदेबागेत महिनाभर उशीर म्हणजे कोवळ्या रोपांना थेट थंडी.

'100 टक्के रोगमुक्त' हे तपासता येण्यासारखं वाटतं, पण या शब्दांत ते तपासता येत नाही. चाचणी 'रोग' शोधत नाही, ठरावीक विषाणू शोधते. केळीसाठी त्यात चार महत्त्वाचे : बंची टॉप, ब्रॅक्ट मोझॅक, कुकुंबर मोझॅक म्हणजे आपण म्हणतो तो सीएमव्ही, आणि स्ट्रीक. अहवालात या चारही नावांपुढे निकाल आहे का ते बघा. एकाचीच चाचणी करून 'विषाणूमुक्त' लिहिलं असेल तर ते अर्धवट आहे. चाचणी नमुन्याची होते, प्रत्येक रोपाची नाही. म्हणून 'नमुन्यात हे चार विषाणू आढळले नाहीत' इतकंच कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकतं.

त्यात आणखी एक घोळ होतो. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. सीएमव्ही मावा पसरवतो. स्वच्छ रोप लावलं आणि शेजारी काकडीवर्गीय पीक किंवा बांधावर तण असेल तर लावणीनंतरही बागेत रोग येतो. वर्षभराने कंपनी म्हणेल की रोग शेतात आला, तुम्ही म्हणाल की रोपातून आला, आणि तेव्हा बॅचच्या अहवालाशिवाय दुसरा पुरावा कुणाकडेच नसेल. पानावर 'रोगमुक्त' आणि बोलण्यात 'रोग येणारच नाही' असं ऐकलं तर ते दुसरं वाक्य लेखी मागा. कुणी देणार नाही, आणि देऊही नये.

'इस्रायली तंत्रज्ञान' यात पकडायला काहीच नाही. कोणत्या कंपनीचं, कोणत्या करारानं, याचं नाव आलं तर शोधता येईल. नाव नसेल तर वाक्य खोडा. जी-नाईन म्हणजे ग्रँड नैन हा वाण आहे, त्याची शुद्धता बॅचच्या अहवालात येते. 25,000 शेतकऱ्यांचंही तसंच. हा आकडा मोजणारा बाहेरचा कुणी नाही. त्याऐवजी तुमच्या तालुक्यातले, मागच्या कांदेबागेला रोपं घेतलेले तीन शेतकरी विचारा आणि त्यांतले दोन बुकिंग एजंटच्या ओळखीबाहेरचे शोधा. 'रोपं चांगली होती का?' असं विचारू नका. शंभरात किती मेली, किती वेगळ्या वळणाची निघाली, ठरल्या तारखेला आली का आणि मेलेल्यांच्या बदल्यात रोपं मिळाली का, हे विचारा. निसवण मागेपुढे झाली का हेही विचारा. रोपं एकसारख्या वयाची नसली तर ते तिथेच दिसतं.

वेळ असेल तर web.archive.org वर त्या साइटचा पत्ता टाका. पानाच्या जुन्या प्रती असतील तर वर्षागणिक दिसतात. आज '1987 पासून' लिहिणाऱ्या पानावर तीन वर्षांपूर्वी '2005 पासून' असेल, किंवा तेव्हा '10 लाख रोपे' असेल, तर कंपनीच स्वतःविरुद्ध साक्ष देते. प्रत मिळाली नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सगळीच पानं तिथे साठवलेली नसतात.

पैसे देण्याआधी हा मजकूर कंपनीच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं :

"5,800 जी-नाईन रोपांसाठी : (1) बिल ज्या नावाने येईल ते पूर्ण नाव व सीआयएन किंवा नोंदणी क्रमांक, (2) रोपे ज्या प्रयोगशाळेची आहेत तिचे नाव व एनसीएस-टीसीपी मान्यतेची मुदत, (3) आम्हाला मिळणाऱ्या बॅचचा क्रमांक व चार विषाणूंचा चाचणी अहवाल, (4) रोपे शेतावर पोचवण्याची तारीख व मेलेल्या रोपांच्या बदलीची अट."

चारही उत्तरं आली तर पानावरच्या बाकी जाहिरातीकडे दुर्लक्ष करून बुकिंग करायला माझी हरकत नाही. पहिल्या तीनांपैकी एक टाळलं तर आगाऊ देऊ नका. शेडनेटवर जाऊन रोपं डोळ्यांनी बघून, उचलताना पूर्ण पैसे देण्याचं ठरवा.

त्याच दिवशी 'आमच्याविषयी' पानाचा स्क्रीनशॉट घ्या. वरचा पत्ता आणि मोबाइलवरची तारीख दिसली पाहिजे. पुढे वाद झालाच तर पान बदललेलं असेल. शेतीसाठी बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे रोपांच्या वादातही तुम्ही ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकता आणि तिथे हा स्क्रीनशॉट उपयोगी पडतो. आगाऊ रक्कम पाठवताना बँकेच्या ॲपवर खातेदाराचं जे नाव येतं ते कोटेशनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. कोटेशन प्रायव्हेट लिमिटेडचं आणि खातं एखाद्या माणसाच्या नावाचं निघालं तर रक्कम तिथेच थांबवून कंपनीच्या नावाचा खाते क्रमांक मागा.